चौतीसचा उतारा

ऑगस्टच्या एकाच आठवड्यात मी दोन कंपन्या तपासल्या. एक चालू आहे असं लिहिलं, एक नाही असं लिहिलं. दोन्ही वेळा उलटं लिहिलं. बारा वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एवढी स्वच्छ चूक कधी झाली नव्हती, आणि ती का झाली हे सांगताना माझ्या तोंडाला अजून कडू येतं.

मी धुळ्यात कर खात्यात निरीक्षक आहे. उषा अहिरराव. त्या महिन्यात बोगस जीएसटी नोंदण्या शोधायची मोहीम चालू होती. संशयितांची यादी वरून यायची. आम्ही पत्त्यावर जायचं, धंदा खरोखर आहे का बघायचं, फोटो काढायचे आणि अहवाल चढवायचा. माझ्या वाट्याला चौदा नावं आली. त्यातलं नववं नाव होतं ‘तापीकाठ कॉटफायबर प्रायव्हेट लिमिटेड’, पारोळा रोड, कापसाचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कर सल्लागार म्हणून खाली नाव होतं अभिमन नानांचं.

ते नाव वाचून मला हायसं वाटलं. हेच आज मनाला सगळ्यात जास्त लागतं.

नाना माझे गुरू. माझे वडील गेले तेव्हा मी स्पर्धा परीक्षेचा क्लास सोडायला निघाले होते. नानांनी घरी येऊन आईला सांगितलं, “पोर उद्यापासून माझ्याकडे येईल. फीचं नाव काढायचं नाही.” दिवसभर लोकांची कराची कामं आणि संध्याकाळी सात ते नऊ आम्हाला शिकवणी. खडू मोडेपर्यंत फळ्यावर लिहायचे. माझी निवड झाली त्या दिवशी पेढे मी वाटले, पण रडले ते. कंपनी खरी की खोटी हे ओळखायला मला खात्याने नाही शिकवलं, नानांनी शिकवलं. म्हणायचे, “पोरी, कंपनी नोंदवायला चार कागद आणि दोन माणसं पुरतात. धंदा असला म्हणजे मात्र घाण होते, आवाज होतो, लाइट बिल येतं, शेजारी तक्रार करतात. कागद नंतर बघ, आधी घाण शोध.”

तर मी नानांना फोन केला. “नाना, तुमची एक कंपनी माझ्या यादीत आलीय. रस्ता कुठून आहे?”

“अगं, ये ना! कधी येतेस? मी स्वतः येतो तिथे.”

“मंगळवारी, अकराच्या सुमारास.”

भेट न कळवता द्यायची असते. हा नियम मी नव्या पोरांना घसा कोरडा करून सांगते. पण तो नियम लोकांसाठी, नानांसाठी थोडाच, असं माझ्या मनात होतं. म्हणजे तसा विचारही मी केला नाही, विचार केला असता तर फोन ठेवला असता.

मंगळवारी गेले. मोठ्ठा बोर्ड, त्यावर जीएसटी नंबर. शेडमध्ये जिनिंगची दोन मशीन्स धडधडत होती. लाइट गेली म्हणून जनरेटर लावलेला. चार मजूर, कोपऱ्यात रुईच्या गठाणी रचलेल्या, टेबलावर आवक-जावक रजिस्टर, भाडेकरार, लाइट बिल, सगळं फाइलमध्ये टॅग लावून. एवढी नीटनेटकी फाइल मी जन्मात पाहिली नव्हती. नानांनी स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. आईच्या गुडघ्याची चौकशी केली. मी बारा फोटो काढले, लाइट बिलावरचा पत्ता भाडेकराराशी ताडून पाहिला आणि जागेवरूनच अहवाल भरला. धंदा चालू, यंत्रं चालू, माल आढळला.

“नीट तपासलंस ना?” नाना हसत म्हणाले. “नाहीतर म्हणशील, नानांनी शिकवलं एक आणि केलं एक.”

मी पण हसले. काय मूर्खासारखी हसले!

शुक्रवारी यादीतलं बारावं नाव होतं, ‘सदफ जिन रोलर्स प्रायव्हेट लिमिटेड’. जुन्या धुळ्यातली अरुंद गल्ली. भागभांडवल एक लाख, संचालक दोन, बाप आणि मुलगी, पत्ता राहत्या घराचा, वर्षातले पाच महिने विक्री शून्य. कागदावर बघावं तर कोणी बोगस कंपनीचं चित्रच काढून ठेवल्यासारखं. पावणेदोनला पोहोचले. पत्र्याच्या दाराला कुलूप. बोर्ड नाही. आजूबाजूची सगळी दारं बंद, विचारायला चिटपाखरू नाही. ऊन मी म्हणत होतं. मी कुलपाचा फोटो काढला, दोन मिनिटं थांबले आणि निघाले. पत्त्यावर धंदा आढळला नाही. सोमवारी त्यांची नोंदणी निलंबित झाली आणि सात दिवसांत खुलासा करा अशी नोटीस निघाली. निलंबन झालं की पक्कं बिल फाडता येत नाही. बिल नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही.

तिसऱ्या दिवशी ते बापलेक ऑफिसात आले. कय्युमभाई साठीचे, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस कायमचं मुरलेलं. सदफ बी.कॉम. झालेली, चोविशीची, हातात जाडजूड रजिस्टर. ती बसली नाही.

“मॅडम, तुम्ही किती वाजता आला होता?” तिने विचारलं.

“पावणेदोन.”

“वार?”

“शुक्रवार.”

कय्युमभाई हळू आवाजात म्हणाले, “जुम्मा होता ना, मॅडम. गल्ली सगळी नमाजला. अडीचला उघडतो आपण.”

धुळ्यात जन्मले, धुळ्यात वाढले, आणि शुक्रवारी दुपारी त्या गल्लीत कुलूप बघून मी धंदा नाही असं लिहून मोकळी झाले. पण चूक लगेच कबूल करेल तो सरकारी माणूस कसला. मी कडक आवाज काढला, “आणि पाच महिने विक्री शून्य? बोर्ड का नाही? घराच्या पत्त्यावर प्रायव्हेट लिमिटेड कशाला लागते तुम्हाला?”

“मशीन बनवणारी मोठी कंपनी म्हणाली, आमचं काम पाहिजे तर कंपनी करा, सुट्या कारागिराला काम देणार नाही. मग पोरीने केली,” कय्युमभाई म्हणाले. “बोर्ड कशाला? ज्याला रोलर माहीत त्याला कय्युम माहीत. आणि विक्री शून्य कारण हंगामात कोणी मशीन थांबवत नाही. जिनिंगच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या असतात, त्यांना खाचा पाडाव्या लागतात. खाचा झिजल्या की मशीन कापूस ओढत नाही. हंगामात थोडंफार काम तिथेच जाऊन करतो. खरं काम जून ते सप्टेंबर. जिनिंग बंद असतं, मशीन खोललेलं असतं, रोलर सगळे माझ्या घरात.”

“आत्ता किती आहेत?”

“एकशे साठ. पाय ठेवायला जागा नाही. तुमच्या नोटिशीपासून सगळे तसेच पडलेत.”

सदफने रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. कुठल्या जिनिंगचे किती रोलर, कधी आले, चकत्या किती बदलल्या, कोणी नेले, सह्यांसकट. पानं तेलकट, मध्येच कोणाचा फोन नंबर, एका पानावर चहाचा गोल डाग. शिंदखेडा, शिरपूर, पारोळा, धरणगाव, पार जळगावपर्यंतची नावं होती. मी सहज म्हणून पारोळा रोड शोधायला लागले. तापीकाठ दिसेना.

“पारोळा रोडवरचं तापीकाठ? त्यांचे रोलर कोणाकडे जातात?”

“ते कुठलं?” कय्युमभाईंनी विचारलं.

“आहे ना. दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात मंगळवारी मी स्वतः पाहिलं, मशीन चालू होतं.”

कय्युमभाई पहिल्यांदा हसले. वाईट हसले नाहीत, लहान पोर काहीतरी भलतं बोललं की हसतात तसे. “मॅडम, ऑगस्टमध्ये कोणतं जिनिंग चालतं? कापूस शेतात गुडघाभर आहे.”

“जुना माल असेल.”

“असेल,” ते म्हणाले. “रुई उडत होती का? तुमच्या साडीला, केसाला लागली होती का? जिनिंगमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं तर माणूस म्हातारा होऊन बाहेर येतो. आवारातलं झाड, तार, कुत्रं, सगळं पांढरं.”

त्या मंगळवारी मी काळी साडी नेसले होते. तिथून सरळ आत्याकडे गेले होते. कोणीही झटकली नव्हती, कारण झटकायला काही नव्हतंच.

मी त्यांना म्हटलं, “उद्या सकाळी मी परत येते. न सांगता.” सदफ म्हणाली, “आत्ताच सांगितलंत की.” त्या पोरीची जीभ धारदार आहे. पण ती खरं बोलत होती.

ते गेल्यावर मी तापीकाठचा सगळा तपशील स्क्रीनवर काढला. आधी माझीच फाइल. लाइट बिलावर मी पत्ता पाहिला होता, त्याच्या खालची ओळ पाहिली नव्हती. मंजूर भार तीन किलोवॅट, महिन्याचा वापर एकशे चाळीस युनिट. माझ्या आईच्या घरात याहून जास्त वीज लागते. जिनिंगची दोन मशीन्स एवढ्या विजेवर घरघर सुद्धा करणार नाहीत. लाइट गेली नव्हतीच. जनरेटर भाड्याने आणला होता, माझ्यासाठी.

मग विवरणपत्रं. वर्षाची विक्री एक्केचाळीस कोटी. रोख भरलेला कर काही हजार, बाकी सगळा खरेदीवरच्या कराच्या वजावटीतून फेडलेला. कापूस घेतला तो जळगावच्या दोनच कंपन्यांकडून. दोघींचा मोबाइल एक, ईमेल एक. जळगावच्या ऑफिसात शीतल माझ्या बॅचची आहे. तिला फोन केला. ती तासाभरात पत्त्यावर जाऊन आली. “उषा, एका सोनाराच्या दुकानावर खोली आहे. दाराला सात कंपन्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. आत एक खुर्ची पण नाही.” मालवाहतुकीच्या बिलांवरचे गाडी नंबर तपासले. ज्या गाडीने शंभर क्विंटल कापूस जळगावहून धुळ्याला आणला ती यावलची ऑटोरिक्षा निघाली. संचालक दोघे, बिजला आणि झुलाल, सातपुड्याच्या पायथ्याचे शेतमजूर.

म्हणजे कापूस कुठे नव्हताच. ही कंपनी कापूस विकत नव्हती, बिलं विकत होती. ते बिल घेऊन कोणीतरी न भरलेल्या कराची वजावट सरकारकडून उचलत होता.

इथपर्यंत मी मनाला समजावत होते. नाना म्हातारे झालेत, अशिलाने त्यांनाही फसवलं असेल. कर सल्लागार सह्या करतो, प्रत्येक पोतं थोडंच मोजतो? मी ठरवलं, संध्याकाळी जाऊन त्यांना सावध करायचं.

मग मी त्यांच्या रजिस्टरच्या फोटोतला उताऱ्याचा तक्ता पाहिला.

शंभर किलो कापसातली सरकी काढली की रुई किती निघते त्याला उतारा म्हणतात. बाकी सगळी सरकी आणि थोडी घट. हा उतारा कधीच एक राहत नाही. दिवाळीचा ओला कापूस वेगळा, संक्रांतीचा वाळलेला वेगळा, या गावचा वेगळा, त्या वाणाचा वेगळा. तापीकाठचा उतारा बाराही महिने चौतीस होता. तेहतीस पॉइंट आठ नाही, साडेचौतीस नाही. चौतीस. सरकी चौसष्ट, घट दोन.

नानांच्या शिकवणीत जिनिंगचं गणित यायचं. दर वर्षी, दर बॅचला, फळ्यावर तेच. “धरा, कापूस शंभर क्विंटल. उतारा चौतीस, सरकी चौसष्ट, घट दोन.” मी ते गणित इतक्या वेळा सोडवलंय की झोपेत उठवून विचारलं तरी उत्तर देईन. ही वही कोणा अशिलाने लिहिली नव्हती. ही नानांनी लिहिली होती, आम्हाला शिकवायचे त्याच आकड्याने.

मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि नळ सोडून रडले. वडील गेले तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते, कारण तेव्हा नाना होते.

दुसऱ्या दिवशी आधी कय्युमभाईंकडे गेले. रोलर छतापर्यंत रचलेले, चामड्याचा वास, खाचा पाडायच्या मशीनचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि शेजारीण दारात उभी राहून त्या आवाजाबद्दल भांडत होती. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. तिथून एका सहकाऱ्याला घेऊन पारोळा रोडला. शेडला कुलूप. गठाणी नाहीत, मजूर नाहीत, मशीन्ससुद्धा नाहीत. दारातला कडुनिंब हिरवागार होता, त्याच्या एका पानावर रुईचा तंतू नव्हता.

दुपारी नानांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

“ये, बस आठे,” ते शेजारची जागा दाखवत म्हणाले. घरात ते अहिराणीच बोलतात. “चहा ठेवू?”

“नाना, तापीकाठ कोणाची आहे?”

त्यांनी पेपरची घडी घातली. खूप सावकाश घातली. “तुले माहित शे म्हणूनच विचारी ऱ्हायनी ना?”

“चौतीसचा उतारा कोणी लिहिला?”

खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. शिष्याने अवघड गणित सोडवल्यावर यायचं तेच. “तूच एक पकडशील असं वाटायचं मला,” ते म्हणाले.

“मग मला का बोलावलंत तिथे? दुसऱ्या कोणाच्या यादीत घालायचं होतं.”

“यादी माझ्या हातात नव्हती. पण तुझ्याकडे आली ते बरंच झालं असं वाटलं. दुसरा कोणी आला असता तर काय बघेल ते मला ठाऊक नव्हतं. तू काय बघशील ते ठाऊक होतं. आधी मशीनचा आवाज, मग माल, मग लाइट बिल, मग भाडेकरार. मीच शिकवलंय ना तुला. आणि तुझ्या अहवालावर वर कोणी शंका घेत नाही. बारा वर्षांत एक डाग नाही तुझ्यावर.”

म्हणजे माझा प्रामाणिकपणा त्यांनी वापरला. घरातला कोपऱ्यातला स्टूल ओढून त्यावर चढावं, तसा.

“त्या बिजलाला, झुलालला माहीत आहे का ते संचालक आहेत?”

“त्यांना महिन्याला तीन-तीन हजार मिळतात. ते खूश आहेत.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघ पोरी. नव्याने भेट दिली, कंपनी बंद आढळली, एवढंच लिही. लोक धंदे बंद करतात. त्या मंगळवारी चालू होती, आता बंद आहे. तुझा पहिला अहवाल पण खरा राहतो, मी पण वाचतो. फक्त तू मला आधी फोन केला होतास ते लिहू नको. ते लिहिलंस तर पहिली तू बुडशील.”

मी उठले. पाया पडायची सवय अशी की हात खाली जायला निघाला होता. मी तो आवरला.

त्या रात्री नाही, त्याच दुपारी ऑफिसात बसून मी साहेबांना टिपण लिहिलं. साहेब म्हणजे आमचे सहायक आयुक्त, शांत माणूस. एकूण तीन पानं. सदफ जिन रोलर्सबद्दल माझा अहवाल चुकीचा, भेट नमाजच्या वेळी दिली, शेजारी चौकशी केली नाही, निलंबन उठवावं. तापीकाठबद्दल लाइट बिल, कर, गाडी नंबर, जळगावची खोली, उतारा, सगळं क्रमाने. आणि एक वाक्य: ‘सदर कंपनीस भेट देण्यापूर्वी मी कर सल्लागार यांना दूरध्वनीवरून दिवस व वेळ कळवली होती.’

साहेबांनी ते वाक्य पेनाने दाखवलं. “हे असायलाच हवं का? तुमची फसवणूक झाली एवढं पुरे आहे.”

“सर, कय्युमभाईंकडे न सांगता गेले आणि नानांकडे सांगून गेले. हे वाक्य काढलं तर मग उरलं काय?”

त्यांनी सही केली.

कय्युमभाईंची नोंदणी चौथ्या दिवशी पूर्ववत झाली. सदफ आदेशाची प्रत न्यायला आली. आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. दारापर्यंत जाऊन ती वळली. “मॅडम, तीन गिऱ्हाईकांनी रोलर उचलून नेले. अब्बांनी त्यांना काही बोलू दिलं नाही मला.” एवढं बोलून ती गेली.

तापीकाठची नोंदणी रद्द झाली, नानांना चौकशीला बोलावलं आणि माझी विभागीय चौकशी लागली. मला ती अपेक्षितच होती. मी सगळं सांगणार होते, लपवायला काही नव्हतं.

चौकशी अधिकारी नाशिकहून आले होते. त्यांनी नानांचा लेखी जबाब माझ्यापुढे सरकवला. टाइप केलेला नव्हता, हाताने लिहिलेला होता. ते अक्षर मी फळ्यावरून पाच वर्षं उतरवून घेतलंय. पहिलंच वाक्य होतं, ‘निरीक्षक श्रीमती अहिरराव यांनी भेटीपूर्वी मला स्वतःहून फोन केला व वेळ ठरवून घेतली.’ सोबत फोनच्या नोंदीची प्रत जोडलेली. आणि दुसरं, ‘चालू असल्याचा अहवाल देण्यासाठी त्यांनी माझ्याकडे दोन लाख रुपयांची मागणी केली व ती मला पूर्ण करावी लागली.’

मी ते दोनदा वाचलं. अक्षर कुठेही हललेलं नव्हतं. वेलांट्या जागच्या जागी, पूर्णविराम ठळक.

“पहिलं वाक्य तर तुम्ही स्वतःच्या टिपणात पण लिहिलंय,” अधिकारी म्हणाले. “म्हणजे ते खरं आहे?”

“हो,” मी म्हटलं. “ते खरं आहे.”

त्यांनी ते लिहून घेतलं आणि दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.